दोर कापण्याआधीचा दीड तास : ‘टचिंग द व्हॉइड’ पाहण्यापूर्वीची तयारी

गिर्यारोहणाची सत्यकथा सांगणारा चित्रपट चार जणांना एकत्र दाखवायचा आणि त्यांतल्या एखाद्याला रक्त पाहवत नाही, अशी वेळ आली की मी बहुधा केव्हिन मॅकडोनाल्ड यांचा ‘टचिंग द व्हॉइड’ (2003) निवडतो. मात्र हा चित्रपट नुसता सुरू करून दिला, तर त्यातला थरार निम्मा वाया जातो, म्हणून काही गोष्टी आधी करून ठेवाव्यात.

पहिले काम म्हणजे प्रमाणपत्राचे अक्षर नव्हे, तर त्याखालचे कारण वाचणे. अमेरिकेत या चित्रपटाला सतरा वर्षांखालच्यांना मोठ्यांसोबतच प्रवेश देणारे ‘आर’ हे प्रमाणपत्र आहे, डॅनी बॉयल यांच्या ‘127 अवर्स’लाही (2010) ‘आर’ आहे आणि अँडीजमधील विमान अपघातावरच्या ‘सोसायटी ऑफ द स्नो’लाही (2023) ‘आर’च आहे. केवळ अक्षर पाहणारा माणूस तिन्ही चित्रपट एकाच तराजूत तोलतो. प्रत्यक्षात ‘टचिंग द व्हॉइड’च्या प्रमाणपत्रात कारण दिले आहे ते फक्त शिवराळ भाषेचे, तर ‘127 अवर्स’च्या कारणांत भाषेबरोबर विचलित करणाऱ्या रक्तरंजित दृश्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. तेथे अ‍ॅरन राल्स्टन दगडाखाली अडकलेला स्वतःचा हात कापतो आणि कॅमेरा तेथून हलत नाही. तो चित्रपट वाईट नाही, पण या बैठकीसाठी तो नव्हे.

तरीही एक इशारा आधीच देऊन ठेवावा. चित्रपटाचा नायक, गिर्यारोहक जो सिम्प्सन याचा पाय मोडतो तेव्हा नडगीचे हाड गुडघ्याच्या सांध्यात घुसते आणि त्याचे वर्णन तो स्वतः कॅमेऱ्यासमोर बसून अगदी शांतपणे करतो. काही प्रेक्षकांना पडद्यावरच्या रक्तापेक्षा असे ऐकलेले वर्णन अधिक झोंबते. तसा कोणी समोर असेल, तर त्या मिनिटाला पाणी आणायला उठण्याची मुभा त्याला असावी. पुढच्या कथेला एवढेच पुरते की पाय मोडला आहे आणि त्याच्यावर भार टाकता येत नाही.

शेवट लपवण्याची धडपड करू नये. जो सिम्प्सन आणि त्याचा चढाईतला सोबती सायमन येट्स हे दोघेही खरेखुरे, पहिल्या काही मिनिटांतच मुलाखत देताना दिसतात, त्यामुळे दोघे वाचले हे उघडच आहे आणि डोंगरावरचे प्रसंग नटांनी साकारले आहेत. त्यामुळे ‘वाचला का’ हा प्रश्न येथे उरत नाही, ‘कसा वाचला’ हाच उरतो, आणि तो समजण्यासाठी दोराचे गणित ठाऊक असणे आवश्यक आहे. सगळ्यात जास्त वेळ या तयारीला द्यावा.

घटना 1985 सालची, पेरूमधील 6,344 मीटर उंचीच्या सिऊला ग्रांदे शिखरावरची. दोघांनी पश्चिम कडा चढून शिखर गाठले आणि उत्तर धारेने उतरताना जोचा पाय मोडला. एवढ्या उंचीवर दोघांच्याच तुकडीत एकाचा पाय मोडणे म्हणजे बहुधा दोघांचाही अंत असतो, तरीही सायमनने त्याला दोराने खाली सोडत नेण्याचे ठरवले. त्यांच्याजवळ प्रत्येकी सुमारे 45 मीटरचे दोन दोर होते. ते एकमेकांना गाठून 90 मीटरचा एक लांब दोर झाला. बर्फात खणलेल्या बैठकीत सायमन पाय रोवून बसे आणि कमरेच्या बिले प्लेटमधून, म्हणजे दोर आवरून धरणाऱ्या भोकांच्या तबकडीतून, दोर हळूहळू सोडत जाई. पहिले 45 मीटर संपले की गाठ प्लेटपाशी येऊन अडे. मग सायमन दोराला झटके देऊन इशारा करी, जो धडक्या पायावर उभा राहून दोरावरचे वजन काढी, तेवढ्यात सायमन दोर प्लेटमधून सोडवून गाठीच्या पलीकडून पुन्हा ओवी आणि उरलेले 45 मीटर सोडी. जोने वजन काढले नाही, तर गाठ ओलांडता येत नाही; सगळा डाव या एका अटीवर उभा होता.

हे तोंडी सांगून भागत नाही. मी दीड-दीड मीटर सुतळीचे दोन तुकडे गाठून घेतो, गाठीपेक्षा किंचित लहान भोक असलेल्या एका जुन्या झाकणातून सुतळी ओवतो आणि खालच्या टोकाला पाण्याची भरलेली बाटली बांधून एखाद्याच्या हाती देतो. बाटली खाली जाऊ लागते, गाठ झाकणाला टेकते आणि माणूस अडतो. ‘आता गाठ पलीकडे ने, पण बाटली पडता कामा नये’ असे म्हटले की खोलीत क्षणभर शांतता पसरते. एकदा मी हा खटाटोप न करता चित्रपट लावला होता आणि ऐन मोक्याच्या प्रसंगी मागून प्रश्न आला, ‘अरे, तो दोर सोडत का नाही?’ त्यानंतर झाकण सोबत ठेवूनच असतो.

कारण मोक्याचा प्रसंग नेमका हाच आहे. अंधार झालेला, वादळ सुरू, आणि सायमनने नकळत जोला एका पुढे झुकलेल्या बर्फाच्या कड्यावरून खाली सोडलेले. जो हवेत लटकतो, पाय टेकायला जागाच नाही, म्हणून वजन निघत नाही. गाठ प्लेटपाशी अडलेली. वारा आवाज पोहोचू देत नाही. दोरावर चढण्यासाठी जो दोरीच्या वेटोळ्या बांधू पाहतो, पण हिमदंशाने बधिर बोटांतून त्यांतली एक निसटून जाते. वर सायमनची बैठक खचू लागते. सुमारे दीड तासाने त्याला पाठपिशवीतल्या चाकूची आठवण होते आणि तो दोर कापतो. बाटलीचा प्रयोग केलेल्याला या दीड तासाचा प्रत्येक मिनिट कळतो आणि पडद्यावर रक्ताचा थेंब नसतानाही तो श्वास रोखून बसतो.

पुढच्या भागासाठी एकच सूचना पुरेशी आहे. हिमभेगेत पडलेला जो वरून लोंबणारा दोर ओढून घेतो, तेव्हा त्याच्या टोकाकडे सर्वांचे लक्ष जाऊ द्यावे, कारण सायमनचे काय झाले हे जोला त्या कापलेल्या टोकावरूनच कळते. वर चढणे शक्य नसल्यामुळे तो आणखी खाली उतरायचे ठरवतो आणि दोराच्या शेवटी मुद्दामच गाठ मारत नाही, म्हणजे खाली काहीच नसेल तर सारे झटकन संपावे. त्या क्षणी कोणी काही विचारले तर उत्तर नंतर द्यावे.

आवाजाची व्यवस्था मात्र आधी तपासावी. सबटायटल सुरू ठेवावेत, कारण वाऱ्याच्या घोंगावण्यात इंग्रजी उच्चार हरवतात. चित्रपट 106 मिनिटांचा आहे, मध्यंतर घेऊ नये. घ्यावेच लागले तर जो हिमभेगेतून बाहेर पडल्यावर, कारण तेथून हिमनदी आणि दगडधोंड्यांवरून सरपटत जाण्याचा, वीस-वीस मिनिटांची उद्दिष्टे घड्याळावर लावण्याचा वेगळाच टप्पा सुरू होतो.

शेवटी सायमनने योग्य केले का, यावर चर्चा होतेच. त्याआधी एवढे सांगून ठेवावे की स्वतः जो सिम्प्सनने सायमनची बाजू नेहमी उचलून धरली आहे, आणि झाकण, सुतळी व बाटली टेबलावरच राहू द्यावी, कारण कोणी ना कोणी गाठ पुन्हा ओलांडून पाहायला मागतोच.