आर्द्रतेच्या वेगावर चालणारा बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन : या चुका टाळा

६५ टक्के आर्द्रता झाली की फॅन सुरू, असा ठरावीक आकडा लावला की दमट दिवसांत फॅन थांबायचं नाव घेत नाही. कोरड्या दिवसांत उलट होतं : आरसा धुरकट होतो तरी फॅन गप्पच. म्हणून आर्द्रता किती आहे यापेक्षा ती किती झपाट्याने वाढते आहे ते बघायचं, हे सगळ्यांना पटतं. घोटाळे त्याच्या पुढे होतात, आणि बहुतेक ठिकाणी तेच ते असतात.

वेगावर सुरू केलं, म्हणून वेगावरच बंद केलं

ही सगळ्यात लाडकी चूक. "मिनिटाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढ झाली की चालू, १ पेक्षा कमी झाली की बंद." दोन ओळींत काम झालं असं वाटतं.

एका लहान बाथरूमचं उदाहरण घेऊ. आंघोळीआधी आर्द्रता ५८ टक्के आहे. गरम शॉवर सुरू झाल्यावर दर मिनिटाचं रीडिंग असं येतं : ५९, ६३, ६९, ७५, ८०, ८४, ८७, ८९, ९०, ९०. मागच्या दोन मिनिटांतली वाढ भागिले दोन, असा वेग काढला तर दुसऱ्या मिनिटाला तो २.५ येतो आणि फॅन सुरू होतो. इथपर्यंत उत्तम. चौथ्या मिनिटाला वेग ६ वर जातो आणि तिथून उतरायला लागतो, कारण हवा संपृक्ततेच्या जवळ पोचते आणि फॅनही वाफ ओढत असतो. दहाव्या मिनिटाला वेग उरतो ०.५. नियमाप्रमाणे फॅन बंद होतो. आर्द्रता ९० टक्के, शॉवर अजून चालू, आणि फॅन झोपलेला. फॅन थांबल्यावर आर्द्रता हळूहळू ९४-९५ पर्यंत चढते, पण तेवढ्याशा वाढीने वेग पुन्हा २ च्या वर जात नाही. आंघोळ संपून दार लागतं आणि ओल्या भिंती तशाच राहतात.

मग लोक १ च्या जागी ०.५ करतात, त्यानंतर ०.२. काही जण वेग ऋण होईपर्यंत थांबतात. त्याने फक्त वेळ पुढे ढकलली जाते. वेग ऋण होतो तो पाणी बंद केल्यावर लगेच, म्हणजे हवा सर्वांत दमट असते तेव्हा. वाढीचा वेग फक्त "आंघोळ सुरू झाली" एवढंच सांगू शकतो. "बाथरूम वाळलं" हे त्याला कळत नाही.

तेव्हा वेग फक्त सुरू करण्यासाठी वापरा. सुरू होताना आंघोळीआधीची आर्द्रता लिहून ठेवा, आणि आर्द्रता त्या आकड्याच्या ३ टक्के वरपर्यंत परत आली की बंद करा. सोबत ४५ मिनिटांची कमाल मर्यादा ठेवा, कारण मधेच बाहेर पाऊस सुरू झाला तर आर्द्रता जुन्या आकड्यावर कधीच परतणार नाही. ही मर्यादा नको असं म्हणणाऱ्यांचे फॅन रात्रभर चालतात.

"आधीची" आर्द्रता चुकीच्या क्षणी लिहिली

वरचा उपाय ऐकून लोक घाईघाईत नियम लिहितात : फॅन सुरू होताना जे रीडिंग असेल ते आधीची आर्द्रता म्हणून साठवा. पण वेगाची अट पूर्ण होईपर्यंत आर्द्रता वाढलेलीच असते. आपल्या उदाहरणात त्या क्षणी ६३ होती, म्हणजे फॅन ६१ ऐवजी ६६ ला थांबणार. सेन्सर जरा संथ असेल आणि अट चौथ्या मिनिटाला पूर्ण झाली, तर साठवलेला आकडा ७५ आणि फॅन ७८ ला बंद.

हा दोष लवकर ध्यानात येत नाही, कारण फॅन वेळेवर सुरू होताना आणि काही वेळाने थांबताना दिसतो. ओळखायची खूण अशी : फॅन थांबल्यानंतरच्या अर्ध्या तासाचा आलेख बघा. आर्द्रता पुन्हा ४-५ टक्के वर सरकली असेल, तर भिंती आणि टॉवेल अजून ओले होते. ही वाढ इतकी संथ असते की वेगाचा नियम तिला पकडत नाही.

आधीची आर्द्रता म्हणून मागच्या दहा मिनिटांतलं सर्वांत कमी रीडिंग घ्यावं. सरासरीपेक्षा हे बरं, कारण सरासरीत चढतीची पहिली दोन मिनिटं मिसळतात. होम असिस्टंट या घरातली उपकरणं आपोआप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेग आणि किमान आकडा असा मिळतो :

```yaml
sensor:
  - platform: derivative
    source: sensor.bathroom_humidity
    name: bathroom_humidity_rate
    unit_time: min
    time_window: "00:02:00"
    round: 2
  - platform: statistics
    name: bathroom_humidity_low
    entity_id: sensor.bathroom_humidity
    state_characteristic: value_min
    max_age:
      minutes: 10
    keep_last_sample: true
```

वेगाची अट पूर्ण झाली की आधी `bathroom_humidity_low` चा आकडा एका `input_number` मध्ये टाका, मग फॅन सुरू करा. क्रम हाच. आणि हे फॅन बंद असेल तरच करा, असं बंधन घाला. ते विसरलं की फॅन चालू असताना दुसरा माणूस आंघोळीला जातो, वेग पुन्हा वाढतो, ७५-८० चा आकडा "आधीची आर्द्रता" म्हणून नोंदला जातो आणि पहिला, खरा आकडा पुसला जातो. कमाल मर्यादेमुळे फॅन थांबला आणि लगेच दुसरी आंघोळ सुरू झाली तरी हेच होतं. म्हणून साठवलेला आकडा तासाभराच्या आतला असेल तर तोच पुढे वापरावा.

बॅटरीवरचे सेन्सर आकडा बदलल्याशिवाय बोलत नाहीत. त्यांचं शेवटचं रीडिंग अर्ध्या तासापूर्वीचं ५८ आणि पुढचं एकदम ६४ असू शकतं. तेव्हा दहा मिनिटांच्या खिडकीत ५८ उरतच नाही. अशा सेन्सरसाठी `minutes: 60` ठेवा. त्यांच्याकडून फॅन वेळेवर सुरू होण्याची अपेक्षाही थोडी कमीच ठेवा.

लागोपाठच्या दोन रीडिंगांची वजाबाकी

दर दहा सेकंदांनी रीडिंग घेऊन शेजारच्या दोनांतला फरक काढला, तर ०.२ टक्क्यांची किरकोळ थरथरसुद्धा मिनिटाला १.२ टक्के दिसते. डीएचटी-११ सारखा स्वस्त सेन्सर पूर्ण टक्क्यांतच उड्या मारतो, तिथे एक उडी म्हणजे मिनिटाला ६ टक्के! मग रात्री तीन वाजता फॅन घरघरतो आणि दोष वेग बघण्याच्या कल्पनेवर ढकलला जातो. तीच ०.२ ची थरथर दोन मिनिटांच्या खिडकीत मिनिटाला ०.१ एवढीच उरते. खिडकी दहा मिनिटांची केली तर फॅन उशिरा जागा होतो : आपल्या उदाहरणात चौथ्या मिनिटाला १७ टक्के वाढ झालेली असूनही वेग १.७ च दिसेल. दोन ते तीन मिनिटं ठीक. सेन्सर एसएचटी-३१ किंवा एसएचटी-४० घ्यावा. त्यात वाचवलेले पैसे पुढे डोकेदुखीत जातात.

आणि २ हा आकडा इथून उचलू नका. बाथरूम मोठं असेल किंवा सेन्सर लांब असेल तर तोच शॉवर मिनिटाला १.५ च दाखवेल. आधी तीन-चार आंघोळींची नुसती नोंद करा. शांत वेळेतला सर्वांत जास्त वेग आणि आंघोळीतला शिखराचा वेग बघा. शांत वेळेत ०.६ आणि शिखरावर ४ असेल, तर १.५ च्या आसपास ठेवा, म्हणजे शांत बाजूच्या जवळ. एवढा धीर नसलेल्यांनी साधा टायमर लावलेला बरा.

सेन्सर नको तिथे

शॉवरच्या डोक्यावर लावला तर त्यावर पाणी साचतं आणि तो बराच वेळ १०० टक्क्यांवर अडकून बसतो. दाराखालच्या फटीसमोर लावला तर फॅन सुरू होताच बाहेरची कोरडी हवा त्याच्यावर येते आणि बाथरूम वाळल्याचा भास होतो. शॉवरच्या समोरची भिंत, दीड ते दोन मीटर उंची, दार आणि फॅन यांच्या सरळ वाटेपासून बाजूला, ही जागा सहसा चालते. सेन्सर आणि वायफायची चिप एकाच बंद डबीत ठेवू नका. चिपच्या उष्णतेने डबीतलं तापमान वाढतं, आर्द्रता खरीपेक्षा कमी दिसते आणि बंद डबीत वाफ पोचायलाही वेळ लागतो.

पाणी नाही, तरी आर्द्रता वाढली

२५ अंशांना ६० टक्के असलेली हवा २२ अंशांपर्यंत थंड झाली तर ती जवळपास ७२ टक्के दाखवते. हवेत पाण्याचा एक थेंबही वाढलेला नसतो. खिडकी उघडल्यावर किंवा हीटर बंद केल्यावर फॅन उगाच सुरू होत असेल तर कारण हेच. तापमान आणि आर्द्रतेवरून दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं दव व्हायला लागतं ते तापमान, काढा आणि तोही गेल्या दोन मिनिटांत निदान अर्धा अंश वाढलेला असेल तरच फॅन सुरू करा. आंघोळीत दवबिंदू झपाट्याने चढतो, नुसत्या थंडाव्यात चढत नाही.

ओळीभराच्या चुका

वीज जाऊन परत आल्यावर पहिलं रीडिंग ० वरून ५८ वर येतं आणि वेग आभाळाला भिडतो. सुरुवातीची पाच मिनिटं अट तपासूच नका.

सिस्टीम रीस्टार्ट झाली की ४५ मिनिटांची मोजणी हरवू शकते. नुसत्या `delay` ऐवजी `restore: true` असलेला `timer` वापरा.

बादलीत गरम पाणी घेऊन सावकाश केलेली आंघोळ किंवा आत वाळत घातलेले कपडे, यांची वाढ वेगात दिसतच नाही. त्यासाठी शेजारच्या खोलीत दुसरा सेन्सर ठेवा आणि बाथरूम सलग दहा मिनिटं १५ टक्क्यांनी जास्त दमट असेल तर फॅन सुरू करा.

दाराखाली बोटभर फट नसेल तर फॅन हवा ओढणार कुठून? मग कितीही हुशार नियम लिहा, फॅन दर वेळी ४५ मिनिटांची मर्यादा गाठेल.

भिंतीवरचं बटण काढून टाकू नका. हाताने बंद केलेला फॅन पुढची पंधरा मिनिटं आपोआप सुरू होऊ नये.

फॅनची मोटर बंद होताना रिलेच्या संपर्कांवर ठिणगी पडते, त्यामुळे मोटरच्या भारासाठी दिलेला रिले घ्या, सोबत ठिणगी दाबणारा स्नबर लावा, आणि मेन्सची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.