हूल देताना धड कुठे झुकतं?
बडोद्यात आमच्या खो-खोच्या मैदानावर पळणारी पोरं हूल देताना हमखास एक चूक करतात. वळायचं असतं डावीकडे, त्यासाठी उजवा पाय बाहेर टाकतात, पण धडही उजवीकडेच कलतं. मग भार गुडघ्याच्या बाहेरून पडतो आणि गुडघा आत कोसळतो. गुडघ्यातलं लिगामेंट फाटायची भीती तिथेच. उजव्या पायाने जमीन उजवीकडे ढकला, धड मात्र डावीकडे कललेलं, निदान सरळ तरी असू द्या. वेग आवरायचा तो आधीच्या, डाव्या पावलात, गुडघा वाकवून. खांद्याने फसवायचा मोह होतोच. ती खांद्याची हूल उजवा पाय टेकण्याआधीच उरका. समोरून स्लो मोशनमध्ये चित्रण करून बघा: पाय टेकताना छाती थेट त्याच्यावर आली, तर चुकलंच.