निर्वातात पसरलेला वायू आणि Q = 0 : एंट्रॉपी काढताना या चुका टाळा

बी.एस्सी.च्या उत्तरपत्रिकांत एक ओळ दर वर्षी भेटते: “मुक्त प्रसरणात Q = 0, म्हणून ΔS = Q/T = 0.” अक्षर नेटकं असतं, तर्क सरळ दिसतो आणि खाली दोनदा रेघ मारलेली असते. उत्तर मात्र चूक असतं. ही ओळ लिहिणारा विद्यार्थी आळशी नसतो. त्यानं सूत्र पाठ केलेलं असतं, फक्त त्या सूत्रातलं एक छोटं अक्षर वाटेत गळलेलं असतं. त्या एका अक्षरातून बाकीच्या चुका कशा फुटतात, ते एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊन बघू.

एक मजबूत, उष्णतारोधक पेटी घ्या. मधोमध पडदा आहे. डावीकडे १० लिटर जागेत १ मोल हेलियम, तापमान ३०० केल्विन. दाब सुमारे अडीच बार येतो. उजवीकडे १० लिटर निर्वात. हेलियम इथे आदर्श वायू मानू. पडदा फोडला. वायू २० लिटरमध्ये पसरला, थोडा वेळ खळबळ झाली आणि शांत झाला. उष्णता आत आली नाही की बाहेर गेली नाही. वायूनं कुणाला ढकललंही नाही, कारण पलीकडे ढकलायला काहीच नव्हतं. म्हणजे Q = 0, W = 0, आणि म्हणून अंतर्गत ऊर्जाही होती तेवढीच. आदर्श वायूची अंतर्गत ऊर्जा फक्त तापमानावर अवलंबून असते, त्यामुळे शेवटचं तापमान पुन्हा ३०० केल्विन. इथपर्यंत सहसा कुणी चुकत नाही.

चूक होते ती पुढच्या पायरीवर. पुस्तकातलं सूत्र dS = dQ_rev/T असं आहे. त्यातलं rev हे अक्षर सांगतं, की ही उष्णता रिव्हर्सिबल मार्गानं दिली-घेतली जाणारी उष्णता आहे, प्रत्यक्षात जे घडलं त्यातली नव्हे. प्रत्यक्ष उष्णतेसाठी क्लॉसियसनं दिलेलं नातं असमानतेचं आहे: dS ≥ dQ/T. मुक्त प्रसरणात Q = 0 टाकलं, तर ही असमानता एवढंच सांगते की ΔS शून्य किंवा त्याहून जास्त आहे. ती “शून्य” म्हणत नाही. “शून्याच्या खाली जाणार नाही” एवढंच म्हणते, आणि या दोन विधानांतच सगळं प्रकरण आहे.

मग ΔS काढायचा कसा? एंट्रॉपी ही अवस्थेची राशी आहे. वायू १० लिटर, ३०० केल्विनवरून २० लिटर, ३०० केल्विनवर आला, एवढं पुरे. कसा आला हे तिला विचारावं लागत नाही. म्हणून त्याच दोन टोकांना जोडणारा एक सोयीचा रिव्हर्सिबल रस्ता आपण कागदावर आखतो. सगळ्यांत सोपा रस्ता आयसोथर्मल: वायू दट्ट्याच्या नळकांड्यात ठेवा, नळकांडं ३०० केल्विनच्या मोठ्या पाण्यात बुडवा आणि दट्ट्यावरचं वजन कणाकणानं कमी करत जा. या रस्त्यावर वायू काम करतो आणि तेवढीच उष्णता पाण्यातून घेतो. हिशेब येतो तो असा:

ΔS = nR ln(V2/V1) = R ln 2

म्हणजे ८.३१४ गुणिले ०.६९३, सुमारे ५.७६ ज्यूल प्रति केल्विन. या कागदी रस्त्यावर वायूनं घेतलेली उष्णता ३०० गुणिले ५.७६, म्हणजे सुमारे १७२९ ज्यूल.

आता लगेच दुसरी चूक वाट बघत असते. विद्यार्थी हे १७२९ ज्यूल खऱ्या प्रयोगाच्या खात्यात टाकतो. “वायूनं १७२९ ज्यूल उष्णता घेतली, परिसरानं तेवढी दिली, म्हणून परिसराची एंट्रॉपी ५.७६ नं घटली आणि बेरीज शून्य.” कागदी रस्त्यासाठी हे अगदी बरोबर आहे, रिव्हर्सिबल प्रक्रियेत बेरीज शून्यच यायला हवी. पण खऱ्या पेटीत परिसराला काही झालेलंच नाही. तो उष्णतारोधक भिंतीपलीकडे होता तसाच आहे. त्याचा ΔS शून्य, वायूचा ५.७६, एकूण ५.७६. मी विद्यार्थ्यांना दोन रकाने आखायला लावतो, वायू आणि परिसर. वायूच्या रकान्यात आखलेल्या रस्त्याचं उत्तर चालतं, कारण दोन्ही टोकं तीच आहेत. परिसराच्या रकान्यात मात्र खरंच काय घडलं तेच लिहायचं, कारण खऱ्या आणि आखलेल्या रस्त्यांवर परिसराची शेवटची अवस्था वेगवेगळी असते.

तिसरी चूक सूत्र निवडण्याची. “उष्णता नाही म्हणजे ॲडियाबॅटिक, आणि ॲडियाबॅटिक म्हणजे TV^(γ-1) स्थिर.” हेलियमसाठी γ = ५/३ धरून आकारमान दुप्पट केलं की तापमान १८९ केल्विन येतं, आणि विद्यार्थी वायू गारठवून मोकळा होतो. पण हे सूत्र रिव्हर्सिबल ॲडियाबॅटिक प्रसरणाचं आहे, जिथे वायू दट्ट्या ढकलत स्वतःची ऊर्जा खर्च करतो. आपल्या पेटीत त्यानं काहीच खर्च केलेलं नाही.

जेम्स ज्यूलनं १८४५ साली हेच तपासलं होतं. त्यानं तांब्याची दोन भांडी नळीनं जोडली. एकात सुमारे २२ वातावरण दाबाची हवा होती, दुसरं रिकामं केलेलं. दोन्ही एकाच पाण्यात बुडवली आणि झडप उघडली. पाण्याचं तापमान बदललेलं दिसलं नाही. मग त्यानं एक फार शहाणी गोष्ट केली. दोन भांडी वेगवेगळ्या पाण्यात ठेवून प्रयोग पुन्हा केला. रिकामं होणारं भांडं थंड झालं, भरणारं गरम झालं, आणि दोन्हींचा हिशेब एकमेकांना पुरा पडला. आतल्या आत ऊर्जेची देवघेव होते, निव्वळ बेरीज शून्य. (खऱ्या हवेचे रेणू एकमेकांना ओढतात, म्हणून ती मुक्त प्रसरणात किंचित थंड होते. पाण्याची आणि तांब्याची उष्णता साठवण्याची क्षमता हवेच्या मानानं फार मोठी असल्यानं तो फरक ज्यूलच्या थर्मामीटरला दिसला नाही. आदर्श वायूत तो फरकच नसतो.)

हे १८९ केल्विनचं चुकीचं उत्तर मला टाकून द्यावंसं वाटत नाही, कारण उष्णता नसताना एंट्रॉपी कुठून येते ते तुलनेनं फार स्वच्छ दिसतं. वायूच्या एंट्रॉपीत दोन गोष्टींची मोजणी असते: रेणू कुठेकुठे असू शकतात, आणि किती वेगवेगळ्या वेगांनी फिरू शकतात. दट्ट्या ढकलत पसरणाऱ्या वायूला जागा दुप्पट मिळते, त्याचे R ln 2 म्हणजे ५.७६ जमा होतात. पण तो थंड होतो आणि वेगांचा पसारा आवळला जातो; त्याचे (3/2)R ln(189/300) म्हणजे बरोबर ५.७६ वजा होतात. बेरीज शून्य. निर्वातात पसरणाऱ्या वायूला जागा तेवढीच वाढून मिळते, आणि वेगांचा पसारा होता तसाच राहतो, कारण ऊर्जा कुणाला दिलेलीच नाही. वजाबाजूला लिहायला काही नाही. म्हणून ५.७६ पूर्ण शिल्लक राहतात. उष्णता देणं हा एंट्रॉपी वाढवण्याचा एक मार्ग आहे, एकमेव नाही.

मोजणी आकड्यांत हवी असेल तर: प्रत्येक रेणूला डावी-उजवी अशी निवड नव्यानं मिळाली, म्हणजे शक्य मांडण्या N रेणूंसाठी 2^N पटीनं वाढल्या. बोल्ट्झमनचं S = k ln W लावलं, जिथे W म्हणजे काम नव्हे तर मांडण्यांची संख्या, की वाढ येते Nk ln 2, आणि एका मोलसाठी ते R ln 2 च होतं. दहा रेणू असते तर सगळे डावीकडे सापडण्याची शक्यता १०२४ मध्ये १, म्हणजे ते अधूनमधून दिसलंही असतं. एका मोलमध्ये रेणू ६ गुणिले १०चा २३वा घात इतके असतात.

आता अशी चूक, जी चांगल्या विद्यार्थ्यांकडूनही होते: “पडदा एकदम फोडला म्हणून एंट्रॉपी वाढली. हळूच सोडला असता तर वाढली नसती.” बरं, हळू सोडून बघू. पडद्याला टाचणीएवढं भोक पाडा आणि यावेळी उष्णतारोधन काढून पेटी ३०० केल्विनच्या पाण्यात ठेवा. वायू तासन्‌तास झिरपत राहील. डावा भाग पाण्यातून थोडी उष्णता घेईल, उजवा भाग तेवढीच परत देईल. पाण्याचा हिशेब शून्य. एखाद्या क्षणी डावीकडे पाऊण मोल आणि उजवीकडे पाव मोल असेल, तर दाबाचं प्रमाण ३ ला १ आहे. त्या क्षणी भोकातून जाणाऱ्या वायूची एंट्रॉपी दर मोलला R ln 3, म्हणजे सुमारे ९.१ ज्यूल प्रति केल्विन या दरानं वाढते. सुरुवातीला हा दर फार मोठा असतो आणि दोन्ही बाजू सारख्या होताना शून्यावर येतो. अर्धा मोल पलीकडे जाईपर्यंतची बेरीज केली की उत्तर पुन्हा R ln 2. एक कणही कमी नाही. रिव्हर्सिबल होण्यासाठी संथपणा पुरत नाही, दोन्ही बाजूंचा दाब जवळजवळ सारखा लागतो. भोक कितीही बारीक असलं तरी त्याच्या दोन बाजूंचा दाब सारखा नाही.

स्वतःचं उत्तर बरोबर आहे का, हे पुस्तक न उघडता तपासण्याची एक पद्धत आहे. वायूला मूळ जागी परत आणा. २० लिटरमधला वायू ३०० केल्विनच्या पाण्यात ठेवून दट्ट्यानं अगदी हळूहळू १० लिटरपर्यंत दाबा. यासाठी तुम्हाला १७२९ ज्यूल काम करावं लागेल, आणि वायू तेवढी उष्णता पाण्याला देईल. या परतीच्या प्रवासात वायूची एंट्रॉपी ५.७६ नं घटते. पण वायू आता अगदी पहिल्यासारखा आहे, म्हणजे जाऊन-येऊन त्याचा एकूण फरक शून्य असायलाच हवा. जाताना तुम्ही शून्य लिहिलं असेल, तर वहीत उणे ५.७६ उरतील आणि चूक आपोआप सापडेल. जाताना ५.७६ लिहिले असतील, तर वायूचं खातं मिटतं, आणि फरक उरतो तो पाण्यात: तिथे १७२९ ज्यूल उष्णता जास्त आहे, ३०० केल्विनवर, म्हणजे ५.७६ ज्यूल प्रति केल्विन. पडदा फोडण्याऐवजी ३०० केल्विनच्या पाण्यात दट्ट्या लावून मिळवता आलं असतं ते काम हेच १७२९ ज्यूल होतं.