कागदाचं बजेट: मागचा आकडा नको, मीटर बघा

ॲडमिनच्या बजेटमध्ये कागदावर ‘मागचं अधिक दहा टक्के’ टाकलं की जुनी उधळपट्टीही पुढे सरकते. आकडा शून्यातून असा काढा:

१. कॉपियरच्या वर्षभरापूर्वीच्या आणि आजच्या मीटर रीडिंगमधला फरक घ्या. समजा, छापलेल्या ९०,००० बाजू.
२. प्रत्येक विभागाकडून कोणती छपाई कशासाठी, हे लिहून घ्या. ईमेलने जाणाऱ्या रिपोर्टच्या ३०,००० बाजू गळाल्या, उरल्या ६०,०००.
३. त्यातल्या ४०,००० पाठपोट काढल्या तर कागद २०,०००. उरलेल्या २०,००० एकाच बाजूला, म्हणून कागदही २०,०००. एकूण ४०,००० कागद, म्हणजे ५०० चे ८० रिम. त्याला ताज्या कोटेशनचा दर लावा.

मशीन भाड्याचं असेल तर करारातली किमान प्रतींची अट आधी वाचा. छपाई त्याखाली गेली तरी भाडं तेवढंच लागतं. वाचतो फक्त कागद.