कोंबडी भाजायचीय? मीठ आदल्या रात्रीच लावा

ओव्हनमधली कोंबडी वरून पांढरट आणि आतून कोरडी राहते? रविवारी दुपारी भाजायची असेल, तर शनिवारी रात्रीच मीठ लावा.

१. चिकनवाल्याला कातडी ठेवायला आवर्जून सांगा, नाहीतर तो सोलूनच देतो.
२. कोंबडी कोरडी पुसा. किलोला दोन सपाट छोटे चमचे बारीक मीठ, पोटातही चोळा.
३. ताटावर जाळी ठेवून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात उघडीच ठेवा. तासाभरात पाण्याचे थेंब सुटतील, ते पुसू नका. रात्रीतून ते मिठासकट आत मुरतात. सकाळी कातडी कागदासारखी कोरडी लागते. तीच छान लालसर होते.
४. न धुता भाजा. सावजी मसाला लावलात तर त्यात मीठ नको.

नागपूरच्या उन्हाळ्यात ती रात्रभर ओट्यावर मात्र मुळीच ठेवू नका.