सकाळचे पाचच दुवे: निवडक फीड आणि न्यूजलेटरांचे रोजचे संकलन कसे तयार करावे

सकाळी सहाला एकच ई-मेल यावा, त्यात आपण निवडलेल्या मोजक्या स्रोतांमधील जास्तीत जास्त पाच नोंदी असाव्यात आणि ते वाचून झाल्यावर उघडून पाहण्यासारखे दुसरे काही उरू नये, एवढीच या संकलनाकडून अपेक्षा आहे. त्यासाठी लागणारी पायथनची छोटी स्क्रिप्ट कोणालाही लिहिता येते आणि फीड वाचण्याचे काम `feedparser` हे तयार मॉड्यूल चोख करते. कस लागतो तो पाच नोंदी कोणत्या, हे ठरवताना. या विषयावरचे बहुतेक मार्गदर्शन मात्र तेथेच ‘सर्वांत ताज्या पाच घ्या’ असे सांगून मोकळे होते. हा सल्ला सपशेल चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे पुढे सविस्तर येईलच.

स्रोत सहा ते आठ असावेत. पुढील विवेचनासाठी सात स्रोत धरू: एका मराठी दैनिकाचे अग्रलेख व सदरांचे फीड, रिझर्व्ह बँकेच्या प्रसिद्धिपत्रकांचे फीड, तीन साप्ताहिक न्यूजलेटरे आणि दीड-दोन महिन्यांतून एकदा लिहिणाऱ्या दोघांचे ब्लॉग. दैनिकाचे मुख्य फीड कधीही घेऊ नये. विभागवार फीड उपलब्ध असेल तर तेच घ्यावे, आणि नसेल तर ते दैनिक या संकलनात न घेता वेगळे वाचावे.

वर्डप्रेसवरील ब्लॉगच्या पत्त्यापुढे `/feed/` आणि सबस्टॅकवरील न्यूजलेटरच्या पत्त्यापुढे `/feed` लावले की बहुधा फीड मिळते. मात्र सबस्टॅकच्या सार्वजनिक फीडमध्ये सशुल्क लेख पूर्ण येत नाहीत. केवळ ई-मेलने येणाऱ्या न्यूजलेटरसाठी `kill-the-newsletter.com` ही सेवा वापरावी. ती एक ई-मेल पत्ता आणि त्याला जोडलेले फीड देते. त्या पत्त्याने वर्गणी नोंदवली की प्रत्येक अंक फीडमध्ये नोंद म्हणून उतरतो. वर्गणी पक्की करण्याचे पत्रही याच फीडमध्ये येते, त्यामुळे नोंदणीनंतर ते फीड एकदा स्वतः उघडून त्यातील दुव्यावर क्लिक करावे लागते, नाहीतर पहिला अंक कधीच येत नाही. या फीडचा पत्ता इतरांना देऊ नये, कारण तो ज्याच्या हाती लागेल त्याला अंकातील ‘वर्गणी रद्द करा’ हा दुवाही मिळतो.

आता निवडीकडे वळू. या टप्प्याने मला सर्वाधिक झुंजवले आहे.

एका गुरुवारची सकाळ घ्या. आदल्या सकाळपासून दैनिकाने अकरा लेख टाकले आहेत आणि ते सगळे मध्यरात्रीनंतर एका झटक्यात चढवलेले आहेत. रिझर्व्ह बँकेच्या फीडमध्ये नऊ प्रसिद्धिपत्रके आहेत, दोन न्यूजलेटरे बुधवारी संध्याकाळी आली आहेत आणि एका ब्लॉगवर बुधवारी दुपारी नवा लेख आला आहे. अशा एकूण तेवीस नोंदी झाल्या. ताज्या पाच घेतल्या तर पाचही दैनिकाच्या येतात. दोन महिन्यांनी आलेला ब्लॉगचा लेख पहिल्याच दिवशी बाहेर पडतो, आणि शुक्रवारी दैनिकाचे पुढचे लेख आलेले असल्यामुळे तो परत कधीच वर येत नाही. वेळेनुसार लावलेला क्रम नेहमी जास्त लिहिणाऱ्याच्या बाजूने झुकतो, आणि ज्यांच्यासाठी आपण हा खटाटोप करतो ते सहसा कमी लिहिणारे असतात.

म्हणून पहिला नियम असा की जो स्रोत कमी बोलतो, त्याला आधी जागा द्यावी. प्रत्येक स्रोताच्या गेल्या तीस दिवसांतील नोंदी मोजाव्यात आणि सर्वांत कमी नोंदींच्या स्रोतापासून सुरुवात करावी. दुसरा नियम पंगतीचा आहे: आधी प्रत्येकाच्या पानात एकदा पडले पाहिजे, मगच कोणाला दुसऱ्यांदा वाढायचे. एका स्रोताला एका दिवशी दोनपेक्षा जास्त जागा कधीही देऊ नयेत. हे दोन्ही नियम एवढ्याशा फंक्शनमध्ये मावतात:

```python
def pick(pool, count30, limit=5, per_source=2):
    order = sorted(pool, key=lambda s: count30[s])
    chosen = []
    for rnd in range(per_source):
        for s in order:
            if rnd < len(pool[s]) and len(chosen) < limit:
                chosen.append(pool[s][rnd])
    return chosen
```

येथे `pool` मध्ये प्रत्येक स्रोताच्या नावापुढे त्याच्या शिल्लक नोंदींची यादी असते आणि त्या यादीत जुनी नोंद आधी ठेवलेली असते. ताजी आधी ठेवण्याचा मोह होतो. परंतु प्रत्येक नोंदीला आयुष्य ठरवून दिले की जी लवकर बाद होणार तिला आधी संधी मिळणे रास्त ठरते. दैनिकाच्या लेखाला मी एक दिवस, प्रसिद्धिपत्रकाला तीन दिवस, न्यूजलेटरला सात दिवस आणि ब्लॉगला चौदा दिवस देतो. आयुष्य संपलेली नोंद कायमची बाद करावी. ‘राहिलेले नंतर वाचू’ असा वेगळा कप्पा करू नये. तो कप्पा फुगत जातो आणि पाचाची मर्यादा नावापुरती उरते.

निवड करण्याआधी गाळणी लावावी लागते, आणि ती कोठे लावायची हे रिझर्व्ह बँकेच्या फीडवरून नीट कळते. कामकाजाच्या प्रत्येक दिवशी त्यात ‘Money Market Operations as on’ अशा शीर्षकाचे पत्रक असते, बुधवारी ट्रेझरी बिलांच्या लिलावाचे निकाल येतात आणि शुक्रवारी सरकारी रोख्यांच्या लिलावाचे. पतधोरणाचे निवेदनही याच फीडमध्ये येते. त्यामुळे फीड सोडून देता येत नाही आणि जसेच्या तसे घेताही येत नाही. उपाय साधा आहे: शीर्षकात `Money Market Operations`, `Auction` किंवा `Treasury Bills` असेल तर ती नोंद टाकून द्यायची. वगळायच्या शब्दांची यादी प्रत्येक स्रोताची स्वतंत्र ठेवावी. हव्या असलेल्या शब्दांची यादी करण्याच्या फंदात पडू नये, कारण आपल्याला जे वाचायला आवडेल त्याचे शीर्षक आधी ठाऊक नसते. तीस दिवसांची मोजणीही गाळल्यानंतरच करावी, अन्यथा लिलावांच्या पत्रकांमुळे एकूण स्रोतच वाचाळ ठरतो आणि रांगेत मागे जातो.

गुरुवारच्या नऊ पत्रकांपैकी गाळणीनंतर दोन उरतात, एका बँकेवरील दंडाचे आणि एका मसुद्याचे. आता वरचे फंक्शन चालवले की पहिल्या फेरीत ब्लॉग, दोन्ही न्यूजलेटरे, दंडाचे पत्रक आणि दैनिकाचा एक लेख अशा पाच जागा भरतात. मसुद्याचे पत्रक शुक्रवारी रिझर्व्ह बँकेच्या यादीत सर्वांत पुढे येते. दैनिकाचे दहा लेख बाद होतात आणि त्यांची हळहळ वाटण्याचे कारण नाही.

पाच नोंदी भरल्याच पाहिजेत असा आग्रह धरू नये. रविवारी दोनच आल्या तर दोनच पाठवाव्यात. ई-मेलच्या तळाशी ‘आणखी अठरा नोंदी’ असा दुवा देणे तर निक्षून टाळावे, कारण तो दुवा दिला की आपण तो उघडतोच.

निवडीखालोखाल फसवणारी गोष्ट म्हणजे तारीख. `feedparser` मधील `published_parsed` ही वेळ यूटीसी असते, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. गुरुवारी पहाटे दोन वाजता आलेला लेख तिच्या हिशेबाने बुधवारी रात्री साडेआठचा ठरतो आणि ‘आजच्या तारखेचे तेवढे घ्या’ असा नियम असेल तर गळून जातो. शिवाय काही फीडांमध्ये तारीख नसतेच, आणि काहींमध्ये लेखात दुरुस्ती केली की ती बदलते. म्हणून फीडने दिलेल्या तारखेवर विसंबू नये; नोंद आपल्या स्क्रिप्टला प्रथम कधी दिसली ती वेळ `seen.json` मध्ये लिहावी आणि आयुष्य त्या वेळेपासून मोजावे. पहिल्या वेळी स्क्रिप्ट चालवताना फीडमध्ये असलेल्या सर्व नोंदी पाहिलेल्या म्हणून नोंदवून टाकाव्यात.

नोंद नवी की जुनी हे `entry.id` वरून ओळखावे आणि ते नसेल तर दुव्यावरून. दुव्यातील प्रश्नचिन्हापासूनचा सगळा भाग कापून टाका, हा सल्ला हमखास वाचायला मिळतो. तो पाळलात तर रिझर्व्ह बँकेची सर्व पत्रके एकच समजली जातील, कारण तेथे पत्रकाची ओळख प्रश्नचिन्हानंतरच्या `prid=` मध्येच असते. यूट्यूबच्या `v=` चेही तेच. फक्त `utm_` ने सुरू होणारे घटक काढावेत आणि बाकीचे राहू द्यावेत.

ई-मेलमध्ये शीर्षक, स्रोताचे नाव, पहिली दोन वाक्ये आणि दुवा पुरतो. जीमेलवरून पाठवायचे असेल तर द्विस्तरीय पडताळणी सुरू करून ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. नोंद ‘दाखवली’ असे `seen.json` मध्ये लिहिणे ई-मेल यशस्वीपणे गेल्यानंतरच करावे. आधी लिहिले आणि नेमके तेव्हाच इंटरनेट गेले, तर त्या पाच नोंदी परत येत नाहीत.

वेळ ठरवण्यासाठी क्रॉनमध्ये `0 6 * * *` पुरेसे आहे, परंतु लॅपटॉप सहाला झोपलेला असेल तर क्रॉन ते काम नंतर करत नाही. घरात सतत चालू असणारा रास्पबेरी पाय असल्यास उत्तम. गिटहब ॲक्शन्स वापरत असाल तर तेथे वेळ यूटीसीमध्ये द्यावी लागते, म्हणजे सकाळी सहासाठी `30 0 * * *`. गर्दीच्या वेळी काम उशिरा सुरू होऊ शकते आणि `seen.json` प्रत्येक वेळी रिपॉझिटरीत परत जतन करावी लागते, कारण तेथील यंत्र दर वेळी कोरे असते.

शेवटची तजवीज मूक बिघाडाची. फीडचा पत्ता बदलला की पुष्कळदा त्या जागी साधे वेबपान येते. `feedparser` त्यावर अडून बसत नाही, निमूटपणे शून्य नोंदी देते आणि तो स्रोत शांत आहे असा आपला समज होतो. यासाठी प्रत्येक स्रोताच्या दोन नोंदींमधील नेहमीचे अंतर लक्षात ठेवावे आणि त्याच्या तिप्पट काळ काहीच आले नाही, तर ई-मेलच्या तळाशी ‘अमुक न्यूजलेटर बावीस दिवस आलेले नाही’ अशी एक ओळ छापावी. साप्ताहिक न्यूजलेटरसाठी ही ओळ तीन आठवड्यांनी दिसेल. ब्लॉगसाठी ती साडेचार ते सहा महिन्यांनी दिसेल, आणि तोपर्यंत अधूनमधून त्या ब्लॉगचे पान स्वतः उघडून पाहावे.