थिसिसच्या पीडीएफना नावं कशी द्यायची (s41467 वाल्या फाइलींनी वैतागलेल्यांसाठी)

खान्देशात अ‍ॅग्री किंवा बॉटनी करणाऱ्या निम्म्या पोरांचा विषय शेवटी केळीवर येऊन थांबतो. रावेर-यावल बाजूचा एक ज्युनियर केळीच्या मर रोगावर काम करतोय, म्हणजे फ्युजेरियम विल्ट, ज्याला पनामा पण म्हणतात. त्याचा डाउनलोड फोल्डर उघडला तर हे दिसलं:

```
s41467-017-01670-6.pdf
phyto-04-15-0101-rvw.pdf
DOC-20240112-WA0007.pdf
main (3).pdf
```

मी विचारलं, यातला प्लोएट्झचा पेपर कोणता? तर म्हणे, "दादा, उघडून बघावं लागंल." पेपर थोडे असतील तर उघडून बघता येतं, पण रेफरन्स लिस्ट वाढली आणि गाइडनी फोनवर विचारलं की हे वाक्य कुठून घेतलं, की मग गडबड होते भो. पहिली फाइल नेचर कम्युनिकेशन्समधली आहे, २०१७ ची, डेल आणि बाकीच्या लोकांची, कॅव्हेंडिश केळीत जनुक टाकून मर रोगाला प्रतिकार आणला त्याची. दुसरी प्लोएट्झचा २०१५ चा रिव्ह्यू. नावावरून काही कळतं का? पब्लिशर आपल्या सोयीने डीओआयचा तुकडा किंवा स्वतःचा नंबर नावात टाकतो, आपलं काम कसं चालतं त्याच्याशी त्याला घेणं नाही.

मी जो पॅटर्न वापरतो तो असा, लेखक, साल, छोटं शीर्षक:

```
Dale-etal_2017_transgenic-cavendish-TR4.pdf
Ploetz_2015_fusarium-wilt-review.pdf
Ploetz_2015_management-TR4.pdf
```

तीन भागांमध्ये अंडरस्कोर, भागाच्या आत हायफन, स्पेस कुठेच नाही. लेखक एक असेल तर एक आडनाव, दोन असतील तर दोन्ही, तीन किंवा जास्त असतील तर पहिलं आणि पुढे etal. हे एपीएच्या पद्धतीला धरून आहे, म्हणून मजकुरात कंसात जे लिहिता तेच फाइलीच्या नावात येतं आणि शोधायला डोकं लागत नाही. तुमच्या विद्यापीठाची किंवा जर्नलची स्टाइल नंबरवाली असेल, [1], [2] अशी, तरी फाइलीला नंबर देऊ नका, मध्ये एक रेफरन्स घुसला की पुढचे सगळे नंबर सरकतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नाव पीडीएफ बघून ठेवायचं नाही, रेफरन्स लिस्ट बघून ठेवायचं. म्हणजे लिस्ट एका बाजूला उघडायची, एक ओळ घ्यायची, तिची फाइल शोधायची, पहिलं पान उघडून खात्री करायची आणि मग `F2` दाबून नाव बदलायचं. विंडोजमध्ये नाव टाकून `Tab` दाबलं की पुढच्या फाइलीचं नाव उघडतं, हात चांगला चालतो. उलटं केलं, म्हणजे फाइलीवरून नाव ठेवत गेलात, तर सालाचा घोळ होतो. पेपर डिसेंबरात ऑनलाइन येतो आणि अंक निघतो पुढच्या वर्षी, पीडीएफच्या पहिल्या पानावर कधी कधी दोन्ही तारखा असतात, रिसीव्ह्ड आणि अ‍ॅक्सेप्टेड तर वेगळ्याच. लिस्टमध्ये सहसा अंकाचं साल, म्हणजे व्हॉल्यूम आणि पान नंबरासोबतचं साल जातं, तेच फाइलीला द्यायचं. दोन्हीकडे वेगळं साल दिसलं तर कुठलं बरोबर ते जर्नलच्या पानावर जाऊन बघा आणि मग दोन्हीकडे एकच करा.

वरच्या उदाहरणात प्लोएट्झचे २०१५ चे दोन पेपर आहेत, एक फायटोपॅथॉलॉजीमधला आणि एक क्रॉप प्रोटेक्शनमधला. एपीएत यांना 2015a आणि 2015b म्हणतात, आणि a कोणाला ते शीर्षकाच्या अक्षरक्रमावर ठरतं, इथे F आधी येतो म्हणून Fusarium वाला a आणि Management वाला b. ज्युनियरने लगेच फाइलीत a-b टाकायला घेतलं, मी म्हटलं थांब. उद्या गाइडनी त्याच वर्षाचा, त्याच लेखकाचा, E ने सुरू होणारा तिसरा पेपर घालायला लावला की जुना a आता b होतो आणि b होतो c, फाइली मात्र तशाच राहतात. छोटं शीर्षक असल्यामुळे दोन्ही फाइली तशाही वेगळ्या ओळखू येतात, म्हणून अक्षर शेवटी, लिस्ट पक्की झाल्यावर टाकायचं.

छोट्या शीर्षकाचं पण तसंच, पहिले तीन शब्द उचलून टाकू नका. प्लांट डिसीज जर्नलमध्ये First Report of असं सुरू होणाऱ्या छोट्या नोंदी ढिगाने असतात, `first-report` नावाच्या दहा फाइली झाल्या तर काय उपयोग. त्या पेपरला बाकीच्यांपासून वेगळं करणारे दोन-तीन शब्द घ्या, रोग, जागा, पीक. शीर्षकात कोलन किंवा प्रश्नचिन्ह असेल तर विंडोज ते नावात घेतच नाही, फोल्डरात फोल्डर करून नाव लांबवलं तर पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या पुढे जातो आणि काही सॉफ्टवेअर फाइल उघडायला नकार देतात.

आणि आपल्याकडची खास अडचण म्हणजे पाटील. महाजन, चौधरी पण आहेतच. केळी-कापसावरच्या लिस्टमध्ये `Patil_2018` दोन-तीन निघणं काही नवल नाही, आणि ते एकच पाटील असतील असंही नाही. तिथे इनिशियल जोडा, `PatilRS_2018_...`, पण लिस्टमध्ये छापलीयत तीच इनिशियल, आपल्या मनाची नाही. कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेवर लेखक नसेल तर लिस्टमध्ये संस्थेचं नाव जातं, तेच थोडक्यात फाइलीला.

झोटेरो वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, त्याच्या स्टोरेज फोल्डरमधल्या फाइलीचं नाव बाहेरून बदलू नका, झोटेरोला मग फाइल सापडत नाही. आत राइट क्लिक करून माहितीवरून नाव बदलायची सोय आहे, सेटिंगमध्ये पॅटर्न पण बदलता येतो. फक्त त्या नोंदीतलं साल आणि आडनाव आधी तपासा, तिथे चूक असेल तर नावातही तीच उतरते.

सगळं झालं की फोल्डरमध्ये कमांड विंडो उघडून हे चालवा:

```
dir /b /on *.pdf > yadi.txt
```

नावांची यादी आडनावाच्या क्रमाने मिळते, रेफरन्स लिस्टपण त्याच क्रमाने असते, शेजारी ठेवून ओळीला ओळ लावा. एकट्या लेखकाचे आणि etal वाले थोडे वर-खाली होतात, तेवढं चालतं. ज्या फाइलीला लिस्टमध्ये ओळ नाही ती वाचन-बाकी नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये टाका. आणि ज्या ओळीला फाइलच नाही, तिथे जरा थांबा. बहुतेक वेळा तो पेपर तुम्ही वाचलेलाच नसतो, दुसऱ्या कोणाच्या रिव्ह्यूमधून उचललेला असतो. ज्युनियरच्या यादीत असे निघाले, त्यातले मिळाले ते आणून वाचले, आणि जे मिळालेच नाहीत ते मजकुरात 'अमुकच्या पेपरमध्ये उद्धृत' असे लिहिले, लिस्टमध्ये ठेवला तो हातात असलेला रिव्ह्यू.